‘नोनाचा तंबोला’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गोष्ट मुलांसाठी लिहिली, पण प्रश्न आले ते बहुतेक मोठ्यांचे. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा उत्तरं एका जागी ठेवतो आहे. गोष्ट वाचली नसेल तर पहिलं उत्तर वाचलं तरी पुढचं कळेल.

गोष्ट नेमकी काय आहे?

साल २०२०, मार्च महिना, गाव क्रोएशियातलं डुब्रॉव्हनिक. नऊ वर्षांचा लुका आजीकडे, म्हणजे नोनाकडे राहतो. बाप जहाजावर इंजिनिअर. इटलीच्या बंदरातून तो नुकताच परतलाय आणि सरकारी नियमाप्रमाणे त्याला चौदा दिवस वरच्या मजल्यावरच्या खोलीत एकट्याने काढायचे आहेत. नोना ताट वाढते, लुका ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवतो, दारावर टकटक करतो आणि सहा पायऱ्या खाली येऊन उभा राहतो. मग दार उघडतं.

दुपारी करायला काही नाही, म्हणून नोना तंबोल्याची पिशवी काढते. नव्वद लाकडी सोंगट्या, पुठ्ठ्याच्या जुन्या पाट्या, आणि आकडे झाकायला राजम्याचे दाणे. गंमत अशी की नोना आकडे क्रोएशियन भाषेत पुकारत नाही. तिच्या आईने जसे पुकारले तसेच ती पुकारते, व्हेनिसच्या वळणाचे : त्रेंता म्हणजे तीस, क्वारांता म्हणजे चाळीस. लुकाला इटालियन येत नाही, पण तंबोल्यापुरती नव्वदपर्यंत येते.

शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो. बातम्यांतली बाई दर दोन वाक्यांनी ‘कारान्तेना’ म्हणत असते. इकडे नोना सोंगटी काढते आणि ओरडते, “क्वारांता!”

लुकाचा हात दाण्यावरच थांबतो. “नोना, बाबा कारान्तेनामध्ये आहे ना? मग तो चाळीस दिवस वर राहणार?”

“चौदा.”

“मग त्याला चाळीस का म्हणतात?”

नोना चष्मा कपाळावर सरकवते. “आधी आकडा झाक. नाहीतर मी जिंकीन. आणि सुरुवातीला चाळीसही नव्हते. तीस होते. आणि ते तिकडे व्हेनिसला नाही, इथे, आपल्या गावात.”

इथून पुढची गोष्ट म्हणजे खेळत खेळत नोनाने सांगितलेली हकिकत. मधेच लुकाला ताट घेऊन जिना चढावा लागतो, आणि त्या जिन्यावरच त्याला एक गोष्ट लक्षात येते. ती पुढच्या एका उत्तरात येईलच.

लुका आणि नोना खरे आहेत का?

नाहीत, दोघंही कल्पनेतले. त्यांच्या तोंडी आलेली सालं, ठिकाणं आणि नियम मात्र इतिहासातले आहेत. नोनाच्या बोलण्यात व्हेनिसचे शब्द येतात तेही खरंच. अॅड्रियाटिक समुद्राच्या त्या किनाऱ्यावर जुनी माणसं काट्याला ‘पिरून’ म्हणतात, उशीला ‘कुशीन’. पाचशे-सहाशे वर्षं व्हेनिसची जहाजं दारात उभी असल्यावर भाषेत एवढं राहणारच.

शब्द व्हेनिसचा, मग गोष्ट डुब्रॉव्हनिकमध्ये का?

कारण शब्दाआधी पद्धत आली, आणि लेखी कायदा म्हणून ती पहिल्यांदा दिसते ती याच गावात. त्या वेळी त्याचं नाव रागूसा. छोटंसं व्यापारी गणराज्य. पाठीमागे बोस्निया आणि सर्बियातून येणाऱ्या तांड्यांची वाट, पुढे समुद्र. गावाचं पोट या दोघांमधल्या देवघेवीवर चालायचं.

१३४८ च्या प्लेगने गावाची दैना केली होती आणि नंतरही साथी येतच राहिल्या. अशा वेळी इतर शहरांचा सरळ उपाय म्हणजे वेशीचे दरवाजे लावून घ्यायचे. रागूसाला ते परवडणारं नव्हतं, दरवाजे लावले तर गाव प्लेगने नाही तर उपासाने मेलं असतं. त्यांनी मधली वाट काढली : या, पण लगेच आत नाही. मला या गोष्टीत सगळ्यात रस वाटला तो या व्यापारी डोक्याचा. वैद्यांपेक्षा हा निर्णय जास्त दुकानदारांचा वाटतो, आणि ठराव करणाऱ्या महासभेत व्यापारी घराण्यांचीच माणसं बसत होती.

१३७७ च्या ठरावात नक्की काय होतं?

तारीख २७ जुलै १३७७. रागूसाच्या महासभेचा हा ठराव गणराज्याच्या ‘हिरव्या वहीत’ लिहिलेला आहे. लॅटिनमध्ये तिला ‘लिबेर व्हिरिदिस’ म्हणतात. आशय असा : साथ असलेल्या मुलखातून येणाऱ्याने आधी एक महिना म्र्कान नावाच्या बेटावर किंवा त्साव्तात या गावी काढावा, त्याशिवाय रागूसात किंवा त्याच्या हद्दीत पाय ठेवू नये. म्र्कान समुद्रमार्गे येणाऱ्यांना सोयीचं, त्साव्तात तांड्यांच्या वाटेला.

इथपर्यंत सगळे सांगतात. नोना मात्र पुढचं कलम सांगते, आणि गोष्ट मी त्या कलमासाठीच लिहिली. रागूसाच्या रहिवाशांनी त्या लोकांना भेटायला जायचं नाही. नेमलेल्या माणसांखेरीज कोणी त्यांना अन्नपाणी पोचवलं, तर त्यानेही तिथेच महिना काढायचा.

गोष्टीत लुका हे ऐकतो आणि विचारतो, “म्हणजे तेव्हा मी बाबाला ताट दिलं असतं तर?”

“तर तूही वर. महिनाभर.”

“आणि मग आमच्या दोघांचं ताट कोण आणणार?”

नोना म्हणते, “आता तुला कायदा कळला.”

सहा पायऱ्या खाली येऊन उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला तेव्हा उमजतं. म्र्कानवरच्या माणसापेक्षा त्याच्यापर्यंत जाऊन परत गावात येणारा माणूस सभेला जास्त धोक्याचा वाटला होता. प्लेगचं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, तरी ही मेख त्यांनी बरोबर ओळखली होती.

त्या बेटावर राहायला काही सोय होती का?

म्र्कान म्हणजे जवळपास उघडा खडक. सुरुवातीला माणसं तिथे जेमतेम निवाऱ्यात राहिली असणार. १३९७ मध्ये म्ल्येत बेटावरचा मठ या कामासाठी घेतला गेला. पुढे गावाच्या पूर्व दरवाजाबाहेर प्लोचे इथे दगडी इमारतींची रांगच उभी राहिली, तिचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन सतराव्यात पुरं झालं. तोवर ही व्यवस्था गावाच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होऊन बसली होती.

मग तिसाचे चाळीस कसे झाले?

तीस दिवसांच्या मुदतीला तीस या आकड्यावरूनच ‘त्रेंतीना’ असं नाव पडलं होतं. पंधराव्या शतकात मुदत वाढत वाढत चाळिसावर स्थिरावली आणि नावही बदललं. व्हेनिसच्या बोलीत चाळीस दिवसांची मुदत म्हणजे ‘क्वारांतेना’. व्हेनिस समुद्रावरची मोठी सत्ता, तिची जहाजं जातील तिथे तिचे नियम आणि तिचे शब्द गेले. रागूसाची पद्धत जगभर पसरली ती व्हेनिसचं नाव लावून. नोनाला याचा थोडा राग आहे. तिच्या गावातल्या माणसाला तो असणं साहजिक आहे, म्हणून मी तो तसाच ठेवला.

चाळीसच का, याचं एकच एक उत्तर नाही. ख्रिस्ती माणसाच्या मनात हा आकडा लहानपणापासून पक्का बसलेला : प्रलयाचा पाऊस चाळीस दिवस, मोझेस डोंगरावर चाळीस दिवस, येशूचा वाळवंटातला उपास चाळीस दिवस, आणि त्याची आठवण म्हणून ईस्टरआधीचा उपासाचा काळही चाळीस दिवसांचा. दुसरीकडे ग्रीक वैद्यकाची परंपरा सांगायची की तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत आपलं रूप दाखवतो, त्यापुढे गेला तर तो जुनाट. धर्म आणि वैद्यक एकाच आकड्यावर येऊन ठेपल्यावर सभेत त्याला विरोध कोण करणार? माझा अंदाज, तीस दिवस कमी पडले असं कुणी मोजून सिद्ध केलं नसावं, चाळीस हा आकडा लोकांच्या गळी सहज उतरला एवढंच.

चाळीस दिवस माणसं करायची काय?

गोष्टीत हा भाग दोनच वाक्यांत आहे, पण पत्रं सगळ्यात जास्त याच्याबद्दल आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हेनिसने १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढलं. बेटाचं नाव नाझरेथच्या मेरीवरून, त्यात बायबलमधल्या लाझारसचं नाव मिसळलं आणि ‘लाझारेत्तो’ हा शब्द तयार झाला. १४६८ मध्ये दुसरं बेट घेतलं, ते आजारी नसलेल्या पण संशयित माणसांसाठी आणि मालासाठी. त्याला नवं लाझारेत्तो म्हणतात.

समजा, १ जूनला पूर्वेकडून लोकर आणि कातडी घेऊन एक जहाज आलं. माणसं भिंतीने वेढलेल्या बेटावरच्या खोल्यांत जाणार. माल मधल्या प्रचंड कोठारात, ‘तेझोन ग्रांदे’मध्ये. ही इमारत शंभर मीटरहून लांब आहे आणि आजही उभी आहे. तिथे हमाल गठ्ठे सोडणार, लोकर पसरणार, उलटीपालटी करणार, वारा देणार. ज्युनिपर आणि रोझमेरीचा धूर करणार. पाण्याने न बिघडणाऱ्या वस्तू खाऱ्या पाण्यात बुडवणार. पत्रांना व्हिनेगर. गठ्ठा पुरता सोडता येत नसेल, तर हमालाने उघडा हात कोपरापर्यंत आत घालून माल ढवळायचा. अंगावर काटा येतो, कारण गठ्ठ्यात काही असेल तर ते कळायचं त्या हमालाच्या आजारी पडण्यावरून.

सगळं सुरळीत झालं तर १० जुलैला मुदत संपली. पण समजा २५ जूनला एक खलाशी तापला. त्याला होडीतून जुन्या लाझारेत्तोला नेणार, आणि उरलेल्यांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा एकपासून सुरू. आता सुटका ३ ऑगस्टला. तोवर खाणंपिणं चालूच, आणि माल विकायचा हंगाम मागे सरकतोय. अशा वेळी आजार लपवण्याचा मोह कुणालाही झाला असता, म्हणूनच पहारेकरी ठेवलेले.

त्या कोठाराच्या भिंतींवर व्यापाऱ्यांनी, हमालांनी आणि पहारेकऱ्यांनी लाल रंगात लिहिलेला मजकूर अजून वाचता येतो : कुठलं जहाज आलं, कोण आलं, कुठून आलं, व्यापाऱ्यांच्या खुणा, चित्रं. रिकामा वेळ आणि समोर पांढरी भिंत. आपल्याकडच्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी शिव्या देतो, यांना मात्र देववत नाहीत.

या सगळ्याचा उपयोग होत होता का?

अर्धा. प्लेगची लागण झाल्यावर लक्षणं साधारण एक ते सात दिवसांत दिसतात. म्हणजे माणसापुरतं बोलायचं तर तीस दिवसही भरपूर होते आणि चाळीस त्याहून भरपूर. पण रोग मुख्यतः उंदरांचा, आणि तो माणसात येतो उंदरांवरच्या पिसवांतून. उंदराला कुणी बेटावर थांबवत नव्हतं, तो दोरावरून उतरून आपल्या वाटेने जायचा. माल पसरून वारा देण्याचा थोडाफार फायदा होत असेल, कारण पिसवा कापडात दडून राहू शकतात, पण तेव्हा लोक तो करत होते दूषित हवा घालवण्यासाठी.

पिसवांचा हा धागा फ्रेंच डॉक्टर पोल-लुई सिमाँ यांना सापडला तो १८९८ मध्ये, कराचीत. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती आणि १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत दिसलेली साथ इलाखाभर पसरलेली होती. म्हणजे रागूसाच्या ठरावानंतर पाचशे एकवीस वर्षांनी कळलं की आपण नक्की कुणाला अडवायला हवं होतं. गोष्टीत हे नाही. नोनाला मुंबईपर्यंत आणायचं म्हणजे ओढूनताणून झालं असतं.

नोना ज्या सुताराबद्दल बोलते तो कोण?

हा प्रसंग १६३० चा. इटलीत मांतुआकडे प्लेग होता. तिथल्या ड्यूकचा राजदूत व्हेनिसला आला. त्याला शहरात घेतलं नाही, पण मोठा माणूस म्हणून सामान्यांच्या लाझारेत्तोतही ठेवलं नाही. सान क्लेमेंते नावाच्या वेगळ्या बेटावर त्याची सोय केली. तिथे काही लाकूडकाम करायचं होतं, म्हणून शहरातला एक सुतार नेला. त्याने काम केलं आणि तो घरी परतला. साथ त्याच्या मोहल्ल्यातून सुरू झाली आणि व्हेनिसच्या जवळपास एक तृतीयांश माणसांना घेऊन गेली. साथ हटल्यावर नवस फेडायला बांधलेलं सांता मारिया देल्ला सालूते हे देऊळ आज व्हेनिसच्या प्रत्येक फोटोत दिसतं.

बेट होतं, मुदत होती, पहारा होता, दोनशे वर्षांचा अनुभव होता. सुताराचा विचार कुणी केला नाही. रागूसाच्या सभेने १३७७ मध्ये अन्न पोचवणाऱ्याचा केला होता. नोनाने ही हकिकत सांगितल्यावर लुका संध्याकाळचं ताट ठेवून सहाऐवजी नऊ पायऱ्या खाली येतो. काही वाचकांना हे विनोदी वाटलं. तसंच वाटायला हवं होतं.

‘क्वारंटाइन’ हा शब्द इंग्रजीत प्लेगच्याही आधीपासून होता असं वाचलं. मग नोना चूक का?

नोना चूक नाही, पण तुम्हीही बरोबर आहात. इंग्लंडच्या कायद्यात विधवेला नवरा गेल्यावर चाळीस दिवस त्याच्या घरात राहण्याचा हक्क होता, तेवढ्या दिवसांत तिचा वाटा ठरवून द्यायचा. १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्येही हे चाळीस दिवस आहेत. या मुदतीला कायद्याच्या भाषेत याच शब्दाचं रूप वापरलं जायचं. मूळ तेच, लॅटिनमधलं चाळीस, पण वाट वेगळी. आपण आज ज्या अर्थाने शब्द वापरतो तो जहाजांबरोबर व्हेनिसकडून आला.

चौदा दिवसांच्या मुदतीला ‘क्वारंटाइन’ म्हणणं चुकीचं नाही का?

ही तक्रार जुनी आहे. सॅम्युअल पीप्स या लंडनच्या अधिकाऱ्याने २६ नोव्हेंबर १६६३ च्या रोजनिशीत तीच नोंदवली आहे. अॅमस्टरडॅमला प्लेग वाढत होता, तिकडून आणि हॅम्बर्गहून येणाऱ्या जहाजांना तीस दिवस ‘क्वारंटाइन’ करायचा हुकूम निघत होता. पीप्स लिहितो की हे शब्दाच्या अर्थाशी जुळत नाही, पण आता हा शब्द त्या कृतीसाठी वापरतात, त्या मुदतीसाठी नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच हा वाद मिटलेला आहे. तीस दिवसांवरून सुरू झालेली पद्धत, तिला चाळिसाचं नाव, आणि त्या नावाखाली पुन्हा तीस दिवस!

आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतो. त्याच्याशी काही संबंध?

हिशोब चाळिशीच्या आसपास येतो हे खरं, आणि मुसलमान घरांत तर बाळंतिणीचे सरळ चाळीसच दिवस मोजतात. पण या शब्दाशी त्याचा संबंध नाही. बाळंतिणीला जपायला आत ठेवतात, जहाजाला बाहेर ठेवायचे ते गाव जपायला.

शेवटी बाप बाहेर येतो की नाही?

येतो, चौदा दिवस पुरे झाल्यावर, दाढी वाढलेली. लुका त्याला तंबोल्याच्या दोन पाट्या देतो आणि मागचे राहिलेले डाव खेळायला बसवतो.

या जागा बघता येतात का?

डुब्रॉव्हनिकची प्लोचेची इमारत जुन्या गावाच्या पूर्व दरवाजातून बाहेर पडलात की चालत काही मिनिटांवर आहे. तिथे आता प्रदर्शनं आणि कार्यक्रम होतात. म्र्कानवर वस्ती नाही, ते पक्ष्यांसाठी राखीव आहे, त्साव्तातच्या किनाऱ्यावरून दिसतं तेवढं बघायचं. व्हेनिसचं नवं लाझारेत्तो ठरावीक दिवशी मार्गदर्शकाबरोबर बघता येतं. तिकडे जाणारी सार्वजनिक बोट त्या थांब्यावर सांगितल्याशिवाय थांबत नाही, तेव्हा चढतानाच सांगून ठेवा. भिंतीवरची लाल अक्षरं अंधूक आहेत, कोठारात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत जरा थांबावं लागतं.